एक एकर उसाला ठिबक: खर्च किती आला, पाणी किती लागलं आणि अनुदानाचं काय

सोसायटी_सचिव

नमस्कार मंडळी. वाळवा तालुक्यातल्या आमच्या शेतकरी सोसायटीच्या वतीने लिहितोय. दर पंधरा दिवसाला कुणीतरी सभासद येऊन विचारतो, "ठिबकला एकरी किती लागतं?" प्रत्येकाला तोंडी सांगण्यापेक्षा एका सभासदाच्या एका एकराचा पूर्ण हिशोब इथे मांडतो. बाकीच्यांनी आपल्या रानाप्रमाणे कमी-जास्त करावं.

रान काळं, मध्यम. तुकडा साधारण 200 फूट बाय 218 फूट. ऊस पाच फुटी सरीला. म्हणजे 200 फूट लांबीच्या त्रेचाळीस-चव्वेचाळीस ओळी, आणि नळी साधारण 2650 मीटर. तुटातुटीला धरून 2700 मीटर घेतली. 16 मिलिमीटरची इनलाइन, 40 सेंटिमीटरवर ड्रिपर, ताशी 2 लिटरचा. मीटरला 12 रुपये पडले, म्हणजे नळीचेच 32,400. सबमेन 5,000, विहिरीपासून रानापर्यंतची मेन लाइन 6,000. व्हॉल्व्ह, टेकऑफ, ग्रोमेट, एंड कॅप हा किरकोळ दिसणारा माल 5,500 वर गेला. डिस्क फिल्टर 5,500 आणि व्हेंचुरी 1,800. माल झाला 56,200 चा, त्यावर 5 टक्के जीएसटी. (सप्टेंबर 2025 पर्यंत हा 12 टक्के होता, त्यामुळे जुनं कोटेशन घरात असेल तर ते नव्याने मागा.) चर काढणं आणि जोडणी 5,000. सगळं मिळून 64,000.

यात वाळूचा फिल्टर नाही. त्यांच्या विहिरीत उन्हाळ्यात शेवाळ धरतं, म्हणून तो घ्यावाच लागला, त्याचे वेगळे 20,000. म्हणजे पहिला एकर 84,000 ला पडला. पण फिल्टर आणि मेन लाइन पुढच्या दोन एकरांनाही तीच चालणार, त्यामुळे दुसरा एकर बराच स्वस्त पडेल. पैसे कमी पडत असतील तर नळी अर्ध्या एकराला घ्या, पण फिल्टर पहिल्या दिवशीच चांगला घ्या. हे मी तळमळीने सांगतोय, कारण आमच्याकडे बंद पडलेल्या संचांपैकी बहुतेक नळी फाटून नव्हे, तुंबून बंद पडलेत.

उत्पन्नाचं एवढंच सांगतो: त्याच तुकड्यात आधी 42 टन निघायचा, ठिबकच्या पहिल्या वर्षी 51 निघाला. सगळं श्रेय ठिबकला देता येणार नाही, कारण त्याच वर्षी साडेतीन फुटाची सरी पाच फुटावर नेली आणि युरिया, पोटॅश आठवड्याला थोडंथोडं पाण्यातून दिलं. टनाला हातात तीन हजार धरले तर नऊ टनांचे 27,000. विजेची बचत धरलेली नाही, कारण साडेसात एचपीपर्यंत शेतीपंपाला सध्या बिल येत नाही.

आणि अनुदान. दुकानात जायच्या आधी ते तपासा. mahadbt.maharashtra.gov.in वर अर्ज, मग पूर्वसंमती, आणि त्यानंतरच खरेदी. क्रम चुकला तर पैसे गेले.

बांधावरून

सचिव साहेब, हिशोब चांगला आहे पण लोकांना उगीच घाबरवताय. अल्पभूधारकाला 80 टक्के अनुदान आहे. 64 हजारातले 51 हजार सरकार देणार. शेतकऱ्याला 13 हजारात संच! आणि पाणी तर निम्मं वाचतं, हे सगळ्यांना माहीत आहे.

सोसायटी_सचिव

दादा, टक्के तुमचे बरोबर आहेत. केंद्राचे 55 आणि राज्याचे पूरक 25, असे अल्प-अत्यल्प भूधारकाला 80. बाकीच्यांना 45 आणि 30 मिळून 75. पण हे टक्के दुकानदाराच्या बिलावर नसतात. दोन नळ्यांतल्या अंतराप्रमाणे सरकारने खर्चाची मर्यादा ठरवलेली असते, तिच्यावर असतात. समजा तुमच्या अंतराला आणि क्षेत्राला मंजूर खर्च 45,000 बसला, तर 80 टक्के म्हणजे 36,000. बिल 64,000 चं असेल तर खिशातून 28,000 गेले. बिल 84,000 चं केलं तरी 36,000 च. शिवाय आमच्याकडे बहुतेकांनी आधी पूर्ण पैसे भरलेत आणि अनुदान मागून खात्यावर आलंय. तेव्हा पूर्ण रकमेची सोय करूनच उतरा. तुमचा मंजूर आकडा कृषी सहाय्यकाकडून लिहून घ्या, मी दिलेले 45,000 फक्त समजण्यासाठी आहेत.

पाण्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण "निम्मं वाचतं" ऐकून लोक दुप्पट ऊस लावतात आणि मे महिन्यात अडकतात. एकरात साधारण 6,600 ड्रिपर, ताशी 2 लिटर, म्हणजे तासाला 13,000 लिटरच्या वर. एवढं पाणी एकरभर पसरलं तर सव्वातीन मिलिमीटर उंचीचं होतं. मेमध्ये वाढलेल्या उसाला दिवसाला साडेसहा मिलिमीटर तरी लागतं, म्हणजे रोज दोन तास. पाटाने आम्ही दहा दिवसाला एक पाणी द्यायचो, तेव्हा एकराला दोन दिवसांची वीज जायची, साधारण 80 मिलिमीटर. ठिबकने दहा दिवसांत 65 गेलं. म्हणजे मेमध्ये फरक थोडाच. पिकाला जे लागतं ते लागतंच. खरी बचत हिवाळ्यात आणि ऊस लहान असताना आहे: तेव्हा रोज अर्धा-एक तास पुरतो आणि पाटाचं पाणी मात्र सरीच्या टोकाला पोचेपर्यंत सोडावंच लागतं.

काळी_माती

माझा प्रश्न वेगळा आहे. दोन वर्षांपूर्वी दीड एकराला ठिबक केलं. पहिलं वर्ष छान गेलं. आता विहिरीकडचा ऊस हिरवागार आणि शेवटच्या ओळी पिवळ्या. जोडणाऱ्याला चार वेळा फोन केला, तो म्हणतो मोटर बदला. साडेसात एचपीची घेऊ का?

विहिरीकाठी

मोटरीला हात लावू नका. मी वीस वर्षं ठिबकची जोडणी केली, आता गुडघे चालत नाहीत म्हणून घरी आहे. आधी एक काम करा. चहाचे कागदी कप घ्या आणि औषधाचं मापाचं झाकण किंवा मापाची बाटली. संच सुरू करून दहा मिनिटं थांबा. मग सबमेनजवळच्या ओळीत पहिला, मधला आणि टोकाचा ड्रिपर घ्या, त्याखाली माती उकरून कप ठेवा. बरोबर तीन मिनिटं. 2 लिटरचा ड्रिपर तीन मिनिटांत 100 मिली देतो. तसंच मधल्या ओळीत आणि शेवटच्या ओळीत करा. नऊ आकडे इथे लिहा. फिल्टरच्या आधी आणि नंतर दाबाचा काटा काय दाखवतो तेही लिहा.

काळी_माती

केलं काका. पहिली ओळ 95, 90, 85. मधली 90, 70, 60. शेवटची 85, 50, 35. फिल्टरआधी 1.8 किलो, नंतर 1.5.

विहिरीकाठी

फिल्टर ठीक आहे. दोन्हीतला फरक अर्ध्या किलोवर गेला की धुवायचा, तुमचा 0.3 आहे. शेवटच्या ओळीचा पहिला ड्रिपर 85 देतोय, म्हणजे सबमेनपर्यंत दाब पोचतोय आणि मोटर पुरेशी आहे. ओळीच्या टोकाला 35 आहे, म्हणजे नळीच्या आत काहीतरी आहे. टोकाची हातभर नळी कापा, ब्लेडने उभी चिरा आणि ड्रिपरची बारीक वाट बघा. बोटाला बुळबुळीत लागलं तर शेवाळ. तांबूस गंज दिसला तर पाण्यात लोह. पांढरी खरखरीत पुटं असतील तर त्यावर लिंबू पिळा.

काळी_माती

पांढरी पुटं आहेत. चुन्यासारखी. लिंबू पिळल्यावर बारीक फेस आला, कानाजवळ धरलं तर चुरचुर ऐकू येतंय. बायको म्हणाली आमच्या पाणी तापवायच्या बंबाला पण हेच बसतं.

विहिरीकाठी

वहिनींनी बरोबर ओळखलं. विहिरीचं पाणी जड आहे, क्षार ड्रिपरच्या तोंडाशी सुकतात. याला आम्लप्रक्रिया. घाई न करता करा.

आधी सगळ्या एंड कॅप काढून पाणी सोडा. एकदम सगळ्या नको, पाच-पाच ओळी, गढूळ जाऊन स्वच्छ येईपर्यंत. मग बादलीत तुमच्याच विहिरीचं 10 लिटर पाणी घ्या. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल मिली-मिलीने टाकत सामूची पट्टी बुडवत राहा, 4 वर आली की थांबा. समजा 8 मिली लागलं, तर लिटरला 0.8 मिली हे तुमचं प्रमाण. एकरभर संच पंधरा मिनिटांत सव्वातीन हजार लिटर पाणी ओढतो, म्हणजे दोन लिटर सहाशे मिलीच्या आसपास आम्ल. ते एका प्लास्टिकच्या बादलीत पाण्यात पातळ करून व्हेंचुरीने पंधरा मिनिटांत जाईल असं सोडा. टोकाच्या ड्रिपरखाली पट्टी धरून बघा, तिथे 4 आलं की संच बंद. रात्रभर तसाच ठेवा, सकाळी पुन्हा एंड कॅप काढून धुवा.

पाण्यात आम्ल टाकायचं, आम्लात पाणी कधीच नाही, उसळून अंगावर येतं. हातमोजे, चष्मा, आणि वारा पाठीमागून घ्या. ब्लीचिंग पावडर शेवाळासाठी वापरतात, ती आम्लाबरोबर एका दिवशी अजिबात नको, विषारी वायू निघतो.

शेतातली_लेक

आमचा सातबारा सामायिक आहे, सासरे आणि दोन चुलत सासरे. रान कसतो आम्ही. अर्ज सासऱ्यांच्या नावाने करायचा की मिस्टरांच्या? मिस्टरांचं नाव सातबाऱ्यावर नाही.

सोसायटी_सचिव

ताई, ज्याचं नाव सातबाऱ्यावर त्याच्याच नावाने अर्ज. म्हणजे सासऱ्यांच्या. सामायिक असल्याने चुलत सासऱ्यांचं संमतीपत्र लागेल, आमच्याकडे सगळ्यात जास्त अर्ज याच कागदापाशी थांबतात. सासऱ्यांचा शेतकरी ओळख क्रमांक काढलाय का आणि त्यांच्या बँक खात्याला आधार जोडलंय का हे आधी बघा, पैसे त्याच खात्यावर येतात. त्या गटावर मागच्या सात वर्षांत कुणी ठिबकचं अनुदान घेतलं असेल तर पुन्हा मिळणार नाही. सामायिकात हे बरेचदा माहीतच नसतं, तेव्हा दोन्ही घरांत विचारून घ्या.

पोटखराबा

क्रम चुकला तर पैसे गेले हे सचिव साहेबांनी एका ओळीत लिहिलंय, मी ते भोगलंय. दुकानदार म्हणाला, "माल आज उचला, दर वाढतोय, अर्जाचं मी बघतो." लागण तोंडावर होती, मी उचलला. पूर्वसंमती आली त्याच्या तीन आठवड्यांनी. बिलावरची तारीख आधीची, म्हणून प्रस्ताव परत. दुकानदार म्हणाला, बिल दुसऱ्या तारखेचं करून देतो. मी नाही म्हणालो, तपासणीला येणारा माणूस रानात उभा राहून नळीवर वाळलेला चिखल बघणार, त्याला काय सांगू? तीस-पस्तीस हजार गेले. बायकोची पोत सोडवायची होती त्या वर्षी, ती तशीच राहिली.

सोसायटी_सचिव

भाऊ, फार वाईट वाटलं. खोटं बिल केलं नाहीत हे बरं केलंत. वाचणाऱ्यांनो, पूर्वसंमती आल्यावरही मुदत असते, त्या दिवसांत खरेदी करून बिलं चढवावी लागतात. पत्रावरची तारीख वाचा. दुकान यादीवरचं आहे का, बिलावर जीएसटी आहे का आणि नळीवरचा आयएसआय शिक्का दिसतो का, हे तिथल्या तिथे बघा.

माळरान

मी सोलापूरकडचा. आमच्याकडे कांदा जास्त. तुषार संचाला हेच चालेल ना? किती लागेल?

सोसायटी_सचिव

तुषारला अनुदान त्याच योजनेत आहे, पण खर्चाची मर्यादा वेगळी. मला कांद्याचा स्वतःचा अनुभव नाही, त्यामुळे आकडा देत नाही. तुमच्या भागातला कुणी असेल तर सांगेल. वेगळा धागा काढलात तर लवकर उत्तर मिळेल.

ऊसतोड_शेजारी

तोडणीचं कुणीच बोललं नाही. टोळी आली की कोयत्याने नळी तुटते, आणि पाचट पेटवलं तर सगळं वितळतं. आमच्या शेजाऱ्याचे एका संध्याकाळी तीस हजार गेले, बांधाच्या पलीकडची ठिणगी आली.

विहिरीकाठी

नळी तोडणीआधी गुंडाळून काढायची. चव्वेचाळीस ओळींना चार माणसं एक दिवस. गुंडाळीचा घेर मोठा ठेवा, लहान गुंडाळी केली की नळीला घडी पडते आणि पुढच्या वर्षी तिथेच फाटते. टोकाला ओळीचा नंबर बांधा.

बांधावरून

म्हणून तर जमिनीखाली घालतात आता. सहा इंच खाली, ना कोयता ना उंदीर.

विहिरीकाठी

उंदराचं तसं नाही, खालची पण कुरतडतो, आणि तिथे तुम्हाला दिसत नाही. संच बंद झाला की नळी माती आत ओढते, म्हणून सबमेनच्या उंच जागी हवेचा व्हॉल्व्ह पाहिजेच. मुळं ड्रिपरमध्ये शिरतात ते वेगळंच. मी घातलेल्यांपैकी काही पाच खोडवे चालले, काही दुसऱ्याच वर्षी उपटावे लागले. हलक्या रानात काय होतं ते मी छातीठोक सांगणार नाही.

काळी_माती

काका, दोनदा केली प्रक्रिया, आठ दिवसांच्या अंतराने. शेवटच्या ओळीचे आकडे आता 90, 80, 75. काही ड्रिपर अजून बंद आहेत, तेवढा तुकडा कापून जॉइनर टाकला. मोटर घेतली नाही.

विहिरीकाठी

छान. आता दर तीन महिन्यांनी कप लावा आणि आकडे वहीत लिहा. टोक आताच्या 75 च्या खाली गेलं की लगेच करा, 35 होईपर्यंत थांबू नका. पुटं कोवळी असतात तोवर निघतात.

तीन_एकर

हे सगळं वाचून मी आज माझी पाच एचपी मोजली. 200 लिटरचं बॅरल 58 सेकंदांत भरलं. म्हणजे तासाला 12,400 लिटर. एकराला 13,000 लागतं म्हणताय, जवळपास पुरतंय. तीन एकराचा अर्ज टाकू ना?

विहिरीकाठी

पाइप मोकळा सोडून मोजलंत ना? तसं पाणी जास्त दिसतं. फिल्टर, मेन आणि नळी मिळून मोटरीला दाबाविरुद्ध ढकलायचं असतं. पाइपला दाबाचा काटा बसवा, व्हॉल्व्ह आवळत काटा 2 किलोवर आणा आणि मग बॅरल भरा.

तीन_एकर

75 सेकंद लागले. 9,600 लिटर.

विहिरीकाठी

म्हणजे 40 सेंटिमीटरवरचे ड्रिपर घेतलेत तर पूर्ण एकर एका वेळी चालणार नाही, टोक कोरडं राहील. अर्ध्या एकराला एक व्हॉल्व्ह करावा लागेल, आणि मेमध्ये आठ तासांच्या विजेत दोनच एकर भिजतील. तुमचं रान काळं असेल तर 60 सेंटिमीटरवरचा ड्रिपर बघा. एकराला तासाला 8,900 लिटर लागतात, मोटर पुरते, फक्त एकरी तीन तास चालवावं लागेल. तीन एकराला नऊ तास, म्हणजे मे महिन्यात तरी थोडं कमीच पडणार.

सोसायटी_सचिव

60 ला माझी थोडी हरकत आहे. लागणीनंतर पहिल्या दीड महिन्यात दोन ड्रिपरमधला डोळा कोरडा राहतो, आमच्या दोन सभासदांना नांग्या भराव्या लागल्या. आधी पाटाने एक आंबवणी देऊन मग ठिबक सुरू केलं तर चालेल, पण तेवढं पाणी विहिरीत हवं.

विहिरीकाठी

काळ्या रानात मी 60 वर उगवलेला पाहिलाय, पण ओल धरून लागण होती. हे त्यांच्या मातीवर आहे. तीन_एकर, एक नळी उसनी आणा, मोकळ्या रानात चार तास चालवा आणि दुसऱ्या दिवशी कुदळीने आडवा चर घेऊन बघा, दोन ठिपक्यांची ओल आत एकमेकांना मिळाली का. वर नाही, चार बोटं खाली बघायचं.

तीन_एकर

शेजाऱ्याकडून आणतो उद्या. तोवर अर्ज दोन एकराचाच टाकतो, आणि अंतर ठरल्याशिवाय कोटेशन घेत नाही. चर घेतला की लिहितो इथे.